सवडीनं द्या

निवृत्तीकाकांना पैसे मागता येत नाहीत. आपलेच पैसे मागायचे तरी त्यांचा चेहरा उसने मागायला आल्यासारखा होतो. अंबडला त्यांचा लेबलं छापायचा छोटा कारखाना आहे आणि आठवड्यातून दोनदा मी तिथले हिशेब बघते. त्यांचा हा स्वभाव बघून माझं डोकं फिरतं, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय.

विंचूरच्या एका वायनरीला बाटल्यांची लेबलं दिली होती. दोन लाख चौऱ्याऐंशी हजारांचं बिल. ठरलेल्या मुदतीवर साठ दिवस उलटले होते. इकडे कागदवाला म्हणत होता, आधीचे द्या मग पुढचा रोल. रोल नाही तर मशीन बंद, आणि मशीन बंद तर चंदर काय करणार? अकरा वर्षं मशीन चालवणारा चंदर शेजारच्या छापखान्यात कामाचं विचारून आला होता. काकांना ते कळलं तेव्हापासून त्यांचा डबा तसाच परत घरी जात होता.

"वायनरीच्या शेठना मी मेसेज केलाय की," काका म्हणाले.

मी फोन बघितला. गुलाबाचं फूल, शुभ सकाळ, आणि खाली 'आपल्या सवडीने पाहावे'. तिकडून उत्तरादाखल जोडलेल्या हातांची दोन चित्रं. असे तीन वेळा.

"काका, सवडीनं कोण पैसे देतं? आज पत्र जाणार, आणि शेठना नाही, त्यांच्या अकाउंटच्या माणसाला."

"लिही. पण गोड लिही बाई. गिऱ्हाईक तुटायला नको."

मी गोड लिहिलं. आपल्याबरोबर काम करताना आनंद वाटतो, मालाबद्दल काही तक्रार असल्यास जरूर कळवावी, रक्कम आधीच पाठवली असल्यास बँकेचा व्यवहार क्रमांक द्यावा. मग बिलाचा नंबर, ऑर्डरचा नंबर, माल उतरवून घेतल्याच्या सहीशिक्क्यासह चलानाची प्रत. आणि त्याखाली जे काकांना नको होतं तेच: 'पूर्ण रक्कम येत्या शुक्रवारपर्यंत जमा करावी. तोपर्यंत पुढील लेबलांची छपाई सुरू करता येणार नाही. आमची लघुउद्योग म्हणून नोंदणी आहे. उशिराबद्दल कायद्याने मिळणारे व्याज मागण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.'

काकांनी चष्मा काढला. "हे लय कडक झालं."

"मऊ भाकरीलाही तवा तापवावा लागतो."

ते खुर्चीतून उठले, मशीनपाशी गेले, चंदर रोलर पुसत होता त्याच्याकडे बघत उभे राहिले. पुसायला काही उरलं नव्हतं तरी तो पुसत होता. काका परत आले आणि सही केली. मी लगेच मेल केला. त्यांचं मन बदलायला वेळ नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. वायनरीच्या अकाउंटमधली अंजली. मी फोन स्पीकरवर टाकला, काका भिंतीला टेकून ऐकत होते.

"मॅडम, तुमचं बिल आमच्याकडे नोंदलेलं आहे हो. पण दर सोमवारी आमची पैसे द्यायची यादी निघते ती मुदतीच्या तारखेप्रमाणे. तुमच्या बिलावर देय तारीख लिहिलेलीच नाही. तारीख नाही म्हणून ते यादीत कधी आलंच नाही. मुदत ऑर्डरवर होती, ती काढून बघायला पाहिजे होती, ती आमची चूक."

मी काकांकडे बघितलं. बिलातला तो चौकोन ते जन्मभर कोरा सोडत आले होते.

"तारीख घातली की समोरच्याला वाटतं आपला विश्वास नाय," ते पुटपुटले.

हसावं की डोकं आपटावं कळेना. या माणसाच्या भिडेपायी एक कारखाना बुडायला निघाला होता.

अंजली पुढे म्हणाली, "शेठनी आत्ताच सही केलीय. उद्या सकाळी जमा होईल. पुढची लेबलं थांबवू नका, बाटल्या भरायला घेतल्यात."

पैसे सकाळी साडेदहाला आले. मी आधी कागदवाल्याला फोन लावला, आणि काकांनी आधी चंदरला हाक मारली. "ते शेजारच्या छापखान्याचं राहू दे," एवढंच म्हणाले. चंदर लाजून हसला. मला बाई एकदम भरून आलं.

दुपारी अंजलीचा पुन्हा फोन. काही चुकलं की काय म्हणून काका दचकले. पण ती चाचरत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आमचेही हॉटेलवाल्यांकडे पैसे अडकलेत. शेठना मागायला संकोच वाटतो. तुमच्या पत्राचा मजकूर वापरला तर चालेल का?"

मी तोंड उघडायच्या आत काका फोनपाशी आले.

"वापरा की, ताई. पण शेठना सांगा, सवडीनं असं कुठं लिहू नका. तारीख घाला." मग म्हणाले, "आणि आमच्या पुढच्या बिलावरची तारीखही बघून घ्या. मीच घातलीय."