तीन हातांचं दार

कापाकापीचं मला कोणी शिकवायची गरज नाही. शाळेत मी दोन वर्षं गेले. तिसऱ्या वर्षी धाकटा भाऊ झाला अन् त्याला कडेवर घ्यायला घरात कोणीतरी पाहिजे होतं, मग शाळा संपली. पण पंधरा माणसांच्या घरात तीस वर्षं मी वाटून घातलंय. भाकरीचे वाटे मधून काठाकडं करायचे. तीन काप दिले की तीन वाटे. काकडीचं तसं नसतं. काकडी आडवी धरून तीन काप दिले की फोडी चार होतात. काप नेहमी एकाने कमी, फोड एकाने जास्त. हे ज्याला कळत नाही त्याच्या पंगतीत शेवटचा माणूस उपाशी उठतो.

माझ्या पोटच्या पोराला वाटलं, हे मलाच कळत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. मालक जाऊन वर्ष झालं होतं. तिघं पोरं वेगळी निघायची ठरली. राधाकृष्ण थोरला, गहिनीनाथ मधला, मच्छिंद्र धाकटा. जमिनीचे तीन वाटे झाले, बैलांचे झाले, भांड्यांचे झाले. मी हूं की चूं केलं नाही. आता तिघांनी गावाच्या वरच्या अंगाला शेजारी-शेजारी घरं बांधायला काढली. भिंती उठल्या. दारांच्या चौकटींसाठी बांधावरचा कडुलिंब पाडला.

हा लिंब माझ्या सासऱ्यांनी लावलेला. आमच्या पाथर्डीच्या बाजूला झाडं वाकडीतिकडी वाढतात, वाऱ्याने अन् तहानेने. पण हा बारा हात सरळ चढला होता, मग फांद्या. मालकांनी अंथरुणावर सांगितलं होतं, "लिंब चौघांचा. तिघा पोरांचा अन् तुझा. त्यातून तुझ्या खोलीला दार कर. कुणाच्या दारी उभं राहू नको." उशाला त्यांचे चुलतभाऊ गोरक्षनाथ भाऊजी बसले होते. गावातले पंच. त्यांनी मान हलवली होती.

मला एक खोली पाहिजे होती. शेवटच्या भिंतीला टेकून, आपल्या चुलीची, आपल्या दाराची. पोरांना सांगितलं तर राधाकृष्ण म्हणाला, "बघू ना आई, घाई काय?" माझ्या थोरल्याचं 'बघू' मी ओळखते. नाही म्हणायला त्याला लाज वाटते, तेवढीच त्याची लाज.

चैत्रात करवत घेऊन आसाराम सुतार आला, जोडीला त्याचा भाऊ. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवला. एक वर उभा राहणार, एक खाली, अशी त्यांची कापायची तऱ्हा. मी पाण्याची कळशी घेऊन गेले. बघते तर ओंडक्यावर गेरूची दोन कडी ओढलेली. इकडून चार हातांवर एक, तिकडून चार हातांवर एक.

मी कळशी ठेवली.

"आसाराम, ह्या खुणा कुणी केल्या?"

"राधाकृष्ण मालकांनी, काकी."

"अन् कापायचं कसं?"

"आधी उभे दोन काप. एक उभा चिरायचा, मग ओंडका फिरवून दुसरा, काळजात फुली पडंल असा. चार लांब खांब निघत्यात. ते चारी तसेच दोरानं आवळायचे अन् मग आडवे दोन काप, समद्यांतून एकदम. लई वाचतं काम. नायतर आधी आडवं कापून एकेक तुकडा येगळा चिरीत बसलं तर उभेच सहा व्हत्यात."

माणूस हुशार. कमीत कमी कापांत काम उरकायचं त्याचं डोकं मला आवडलं. पण आडवे दोनच.

"एका चौकटीला खांब किती लागत्यात?"

"चार. दोन बाजूंना, एक वर, एक उंबऱ्याला."

तेवढ्यात राधाकृष्ण आला. मागोमाग गहिनीनाथ. मी विचारलं, "माझं दार कुठाय ह्यात?"

राधाकृष्ण हसला. लहान पोराला समजावतात तसा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हाय ना आई. मोज की. दोन उभे, दोन आडवे. काप किती झाले? चार. वाटेकरी किती? चार. चौघांचे चार काप. वडील म्हणले तसंच करतुय मी."

गहिनीनाथने मान वळवून ओंडक्याची साल सोलायला घेतली.

मी आसारामाकडं बघितलं. "तू सांग. तुकडे किती?"

आसारामाने करवतीचे दात चाचपले. "काकी, आमी कापनारी मानसं. मोजायचं काम मालकाचं."

बरं, म्हटलं. मी मोजते.

घरी जाऊन गोरक्षनाथ भाऊजींना बोलावणं धाडलं. मच्छिंद्रालाही घेऊन या म्हणून सांगितलं. तो माझा धाकटा, दुधावरची साय. तो आपल्या बाजूने बोलेल असं मला वाटत होतं. मग परसातल्या वेलावरचा एक लांब दुधी काढला, विळी अन् परात घेतली, अन् ओंडक्याजवळ जाऊन मांडी घालून बसले.

"वैनी, भाजी करता का हितं?" भाऊजींनी विचारलं.

"भाजीच करते. तुमी फक्त बगा."

दुधीला एक उभा काप दिला. अर्धे सुटू दिले नाहीत, मुठीत धरले. फिरवून दुसरा उभा. चार लांब फाका झाल्या. त्या सुताने बांधल्या अन् आडवे दोन काप दिले. सूत सोडलं. फोडी परातीत पडल्या.

"राधाकृष्णा, काप किती दिले?"

"चार."

"मोज फोडी. मोठ्यानं."

तो मोजेना. भाऊजींनीच बोट ठेवून मोजल्या. बारा.

"बारा," मी म्हणाले. "एका दाराला चार. बारा फोडींची दारं किती? तीन. राधाकृष्णाचं, गहिनीनाथाचं, मच्छिंद्राचं. माझं दार ह्या परातीत कुणाला दिसत असंल तर दाखवा. काप चार म्हनून वाटे चार सांगतोस व्हय रे? दुसरी शिकलेल्या आईला फसवायला सातवी शिकलास?"

आसाराम खाली बघून हसला. गहिनीनाथ अजून साल सोलत होता. निम्मा ओंडका उघडा झाला होता.

दुसरा दुधी कापायची गरज नव्हती, तरी मी सांगितलं, "आडवा एकच काप वाढवा. तीन आडवे. चार फाकांचे चार-चार तुकडे, सोळा. चार दारं. एका कापाचंच काम हाय."

तेव्हा राधाकृष्ण खरं बोलला. "अन् उंची? बारा हातांचे तीन केले तर चार हातांचं दार व्हतं. मानूस ताठ जातो. चार केले तर तीन हात! बिळात शिरल्यावानी शिरायचं का आमी? तुला दार कशाला पायजे? चार-चार महिने पाळीनं ऱ्हा ना आमच्याकडं."

"पाळीनं वाफ्याला पानी देत्यात," मी म्हणाले. "मानसाला न्हाई."

भिंतीआडून थोरली सून रतन बोलली, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "दारावाचून अडलं असंल तर शिंगनापूरला जावा म्हनावं. तितं दारंच नसत्यात."

"जाईन की," मी म्हणाले. "तितं चोराला देव शिक्षा करतो म्हनं. हितल्या चोरांना आधी संगं घेते."

मग मी मच्छिंद्राकडं बघितलं. त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"आई, केशर माझी उंच हाय," तो म्हणाला. "डोक्यावर हंडा घिऊन तिला रोज वाकावं लागंल."

त्याच्या लग्नात ती पोर मीच पसंत केली होती. उंच आहे, घरात उजेड पडेल म्हणून.

भाऊजींनी परात पुढं सरकवली. "तुमच्या बापाचा, सूर्यभानचा शब्द मी कानांनी ऐकलाय. लिंब चौघांचा. गेरू पुसा. तीन कडी ओढा, तीन-तीन हातांवर. अन् वैनीची खोली झाली पायजे."

"एकदा पैला आडवा काप पडला की मागं येता येत न्हाई," आसाराम म्हणाला. "चार हातांवर पडला तर चौथी चौकट गेली. तीन-तीन हाताचे काढून उरत्यात ते थोटके, खुंट्या करायच्या. आत्ताच काय ते नक्की सांगा."

"सांगितलं," मी म्हणाले. अन् ओल्या फडक्याने गेरू माझ्या हाताने पुसला.

दोन दिवस उभी चिराई चालली. भुसा उडायचा, कडू वासाचा, तो भाकरीत यायचा. तिसऱ्या दिवशी आडवे काप. तिन्ही कापांना मी तिथं उभी राहिले. तिसरा पडला तसा आसाराम सोळा तुकडे मोजून चार-चारांचे चार ढीग लावून गेला. मी जिंकले होते. मनात आलं, आता तिघंही आपल्या घरात शिरताना रोज दोनदा चारदा मान खाली घालतील, अन् दर वेळी त्यांना आठवेल कोणापुढं घालतोय. मालक असते तर हसले असते.

आठ दिवसांनी नगरहून गाडी आली. आत सागाच्या तीन चौकटी, तयार, चार-चार हातांच्या. राधाकृष्णाने आपले अन् भावांचे मिळून बारा खांब गोठ्याकडं टाकले. त्यांचे काही दावणीला लागले, काही शेळ्यांच्या कुडाला. दोन मच्छिंद्राने कपडे वाळत घालायला रोवले.

मी विचारलं, "एवढंच करायचं हुतं तर लिंब का पाडला?"

"तुझ्यासाठी, आई," राधाकृष्ण म्हणाला. "तूच म्हनालीस ना, चौघांचा."

हे बोलताना तो हसला नाही. हसला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं.

माझी खोली झाली. पंचांचा शब्द होता, तिघांनी मोडला नाही. शेवटच्या भिंतीला टेकून, माझी चूल, माझं दार. चौकट घट्ट आहे, कीड लागलेली नाही, लिंबाला लागत नाही. रतन आपल्या दारातून ताठ आत जाते, केशर तिच्या दारातून हंड्यासकट जाते. अख्ख्या ओळीत तीन हातांचं दार एकच.

पोरं येतात, नाही असं नाही. सणाला येतात. पण आत यायचं तर वाकावं लागतं, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच बोलतात. आतून मला त्यांचे गुडघे दिसतात, धोतराचे काठ, वहाणा. मच्छिंद्र ताट आणतो ते हात लांब करून आत सरकवतो. एकदा म्हणाले होते त्याला, आत ये रे, बस. तर म्हणाला, पाठीत उसण भरलीय.

मी सकाळी पाण्याला निघते तेव्हा वाकते. कळशी घेऊन परत येते तेव्हा वाकते. रात्री कडी लावायच्या आधी एकदा बाहेर बघायला वाकते. सोळा तुकडे मी बरोबर मोजले होते. कोण वाकणार, ते मोजायचं राहिलं.