आपल्यातलाच माणूस

अर्ज भरायच्या आधी प्रश्न विचारणारी आई कुठल्या शाळेला आवडते? पण कामतघरच्या कमळला आता कोणाला आवडायचंच नव्हतं. वहीच्या कागदावर तीन प्रश्न लिहून, सहा वर्षांच्या उन्नतीचा हात घट्ट धरून ती मुख्याध्यापिकांसमोर बसली होती. उत्तरं पटली तर पोरगी या शाळेत, नाहीतर घरी, असं ती नवऱ्याला निक्षून सांगून आली होती. घरी बसवली तर पोरीचं वर्ष फुकट जाणार, हेही तिला कळत होतं.

"व्हॅन रिकामी झाली की आत कोण राहिलं का, ते कोण बघतं?" तिने पहिला प्रश्न वाचला.

क्षितिजा मॅडमनी चष्मा काढला. "गाडीत ताई असते. पोरं चढताना-उतरताना यादीवर खूण करते. शेवटी मागच्या सीटपर्यंत जाऊन बघते आणि सही करते. वर्गात कोणी गैरहजर दिसलं की पहिल्याच तासाला घरी फोन."

"आणि मधल्या सुट्टीत?"

"मैदानावर दोन शिक्षिका, मुलींच्या बाथरूमबाहेर मावशी. सगळ्यांची पोलीस पडताळणी झालीय." मग त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली. "एका नव्या शिपायाची यायचीय अजून. तोवर त्याला पोरांजवळ काम देत नाही."

खरं सांगितलं बाईंनी. कमळला बरं वाटलं. तिने तिसरा प्रश्न वाचला. तक्रार कोणाकडे करायची आणि पुढे तिचं काय होतं?

मॅडम मोकळेपणी हसल्या. "अहो, तुम्हाला कसली तक्रारीची भानगड! केसरीनाथ शेठ तुमचे चुलतसासरे ना? आमचे विश्वस्त आहेत. त्यांना एक फोन केलात तरी काम होईल. ही नोंदवही बघा. चार वर्षांत एक ओळ नाही."

त्यांनी वही पुढे सरकवली. पानं कोरी करकरीत. कमळने ती मिटून परत सरकवली.

"मॅडम, हिच्या आधीच्या शाळेची वही पन अशीच कोरी हाय," ती म्हणाली. "ती मीच कोरी ठेवलीय."

आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. त्या शाळेची व्हॅन चालवणारा प्रितम, म्हणजे तिचा दीरच, भाऊकीतला. गेल्या चैत्रात मागच्या सीटवर झोपलेली उन्नती त्याला दिसलीच नाही. नारपोलीत यंत्रमागाच्या कारखान्याच्या बाजूला गाडी लावून, कुलूप घालून तो निघून गेला. पोरगी काचा बडवत होती, पण लूमच्या खटखटाटात ऐकणार कोण? दीड तासाने तिथली सुताच्या कांड्या भरणारी पुतळाबाई पाणी प्यायला बाहेर आली, म्हणून पोर वाचली. आणि मग काय झालं? केसरीनाथ शेठनी सगळ्यांना ओटीवर बसवलं. प्रितमने पाया पडून पेढे दिले. आपल्या घरातली गोष्ट चार भिंतीत राहू दे, असं ठरलं. शाळेला कोणी चकार शब्द लिहून दिला नाही. प्रितम आजही तीच गाडी चालवतो.

"मला शेठ नकोत," कमळ म्हणाली. "मला कागद पायजे. ज्याच्यावर नंबर पडतो तसा."

मॅडमचा चेहरा उतरला. "मी शेठचं नाव घ्यायलाच नको होतं. चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "लेखी द्यायचं, आवक क्रमांक घालून प्रत घ्यायची. तक्रार समितीपुढे जाते, समितीत पालकही आहेत. आमचं उत्तर पटलं नाही तर शिक्षण विभागाकडे जायचं. पोराला कोणी वाईट हात लावला असा नुसता संशय आला, तर समितीची वाट बघायचीच नाही, थेट पोलीस. ते माझ्यावरही बंधनकारक आहे. तक्रारपेटीही आहे, पण लहान पोरांना कुठं लिहिता येतं? त्यांचं तोंडी सांगणं बाईंनी लिहून घ्यायचं."

मग त्या उठून उन्नतीपाशी आल्या आणि गुडघ्यावर बसल्या. "बाळ, इथं तुला कसली भीती वाटली तर कोणाला सांगशील?"

उन्नतीने आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मी सांगितलेलं," ती हळूच म्हणाली. "प्रितमकाका आम्हाला आत ठेवून कुलूप लावून चहाला जातो, ते. तवा मी गाडीत झोपले त्याच्या आधीच सांगितलेलं. दोनदा. आई म्हणाली, आपल्यातलाच हाय, काय न्हाय होत."

हे कमळने शेठच्या ओटीवर सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आत्ता मॅडमनाही सांगितलं नव्हतं.

"खरं बोलते ती," कमळ म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "पोरीने सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाय."

मॅडमनी प्रवेशाचा अर्ज तिच्यासमोर ठेवला. कमळने तो हाताने बाजूला सारला.

"हा मागून भरते," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी एक कोरा कागद द्या. त्या गाडीत अजून अकरा पोरं बसतात."