बुंदीचा पिवळा रंग

पारूच्या आबांचं बंदरावर मिठाईचं दुकान होतं. मुंबईच्या दलालाने त्यांना रंगाच्या दोन पुड्या दिल्या होत्या, बुंदीसाठी पिवळा मेटॅनिल यलो आणि शेवेच्या तिखटासाठी लाल सुदान. त्या पिवळ्या बुंदीचे लाडू सकाळीच कमळाकाकूच्या नातवाच्या बारशाला गेले, आणि आता रंगाचा संशय येऊन दुकानात आलेले गावचे डॉक्टर बशीतल्या लाडवाच्या चुऱ्यावर तेजाबाचा थेंब टाकत होते. चुरा झटकन जांभळट-गुलाबी झाला.

“अहो, हळदसुद्धा लाल होते!” आबा कसेबसे हसले.

“होते. पण पाणी ओतलं की हळदीची लाली जाते.”

डॉक्टरांनी पाणी ओतलं. पारूने श्वास रोखला. जा गं बाई, जा एकदाची! लाली गेली नाही.

“हा कापडाचा रंग, आबा. खाण्यात घालायला बंदी आहे. आज काही दिसणार नाही, पण रोज पोटात गेला तर आतून पोखरील. तिखटातला तो तेलात सुटणारा सुदानही तसलाच.”

पारूने परकर खोचला नि वाळूतून धाव घेतली. काकूच्या अंगणात मुलांची पंगत बसली होती, लाडू वाढणं चाललं होतं.

“काकू, थांबा! आमचे लाडू कुणी खाऊ नका!” ती ओरडली, आणि आता आबांचं दुकान बुडणार, हे तिला ओरडता ओरडताच कळलं.