उष्ट्या ताटांचे फोटो

सासूबाईंनी ताट पुढं सरकवलं की सुनेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तीन आठवडे हेच चाललं होतं. पहिले चार घास झकास खायच्या, मग गालावर हात ठेवून थांबायच्या, दोन मिनिटांनी परत दोन घास, परत थांबा. मटणाचे तुकडे ताटाच्या कडेला, पावाची कड तशीच. सूप मात्र शेवटच्या थेंबापर्यंत. या बाईंनी एकोणीस वर्षांत तिच्या हातचं एकदाही बरं म्हटलं नव्हतं, तेव्हा ही अपमानाची नवी तऱ्हा आहे याबद्दल सुनेला शंका नव्हती. नवऱ्याला दाखवायला ती रोज उष्ट्या ताटाचा फोटो काढायची. वैर करायचं तर ते नीट करावं, असा तिचा स्वभाव.

कानशिलाला कंगवा लागला तरी म्हातारी कळवळायची. सुनेच्या मते तेही सोंगच.

मंगळवारी सासूबाई म्हणाल्या, "उजव्या डोळ्यापुढं पडदा आलाय गं."

"चष्मा पुसा," सून म्हणाली आणि भांडी घासत राहिली. पाच मिनिटांत पडदा गेला, विषयही संपला.

शुक्रवारी सकाळी सासूबाई उठल्या तेव्हा उजव्या डोळ्यात मिट्ट काळोख होता.

नवरा कामासाठी परगावी, म्हणून सुनेलाच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, उजेड टाकून डोळ्याच्या आत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजी, हल्ली डोकं दुखतं? जेवताना जबडा?"

"माझं काही दुखत नाही," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. सुनेसमोर दुखणं कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"मग जेवण कमी झालंय का?"

"जेवणच धड नसतं."

झालं. परक्यासमोरही तेच. सुनेनं पर्समधून फोन काढून टेबलावर आपटलाच. "बघा तुम्हीच. एकवीस ताटं आहेत. चार घास खाऊन थांबतात, मग परत सुरू. मला जाळायला."

डॉक्टरीणबाई फोटो बघत गेल्या. "थांबल्यावर परत खाता येतं? आणि सूप संपतं?"

"पातळ सगळं संपतं."

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या कानशिलावर हलकेच बोट ठेवलं. म्हातारी ओरडली. तिथली रक्तवाहिनी सुतळीसारखी जाड लागत होती आणि तिला ठोकाच नव्हता.

"या रक्तवाहिन्यांना सूज आलीय," त्या म्हणाल्या. "चावताना जबड्याला रक्त पुरत नाही, म्हणून दुखतो, थांबलं की दुखणं कमी होतं. डोळ्याच्या नसेचंही तेच झालं. उजवा डोळा बहुतेक परत येणार नाही. डावाही काही दिवसांत जाऊ शकतो. स्टेरॉइड आत्ताच शिरेतून सुरू करायचं."

सुनेनं नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आईला शुगर आहे. आधी तपासण्यांचे रिपोर्ट येऊ देत, सोमवारी बघू."

"रक्त आत्ता घेतो, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "कानशिलातल्या रक्तवाहिनीचा तुकडा तपासायला पुढच्या आठवड्यात काढला तरी चालतो. शुगर वाढेल, ती आम्ही सांभाळू. डोळा गेला तर कुणालाच आणता येणार नाही."

पण सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. "हिच्या नादानं मी सुई टोचून घेणार नाही. मुलगा आल्यावर बघीन."

नर्स सलाइन घेऊन उभी राहिली. गोड बोलून या बाई ऐकणार नाहीत हे सुनेइतकं कुणाला ठाऊक? ती खुर्ची ओढून समोर बसली.

"नका घेऊ," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत डावाही जाईल. मग घरात मी काय करते, कपाटात काय ठेवते, ताटात काय वाढते, काही म्हणजे काही दिसणार नाही तुम्हाला. मला मोकळं रान."

सासूबाईंनी डावा डोळा रोखून तिच्याकडे पाहिलं. मग पदराखालून हात काढला आणि नर्सपुढं धरला. "टोच."

तीन दिवस सलाइन, मग रोज सकाळी गोळ्या. कानशिलाचं दुखणं दुसऱ्याच दिवशी उतरलं. आठवड्यानं घेतलेल्या तुकड्यात सूज निघाली. डावा डोळा राहिला. उजवा गेला तो गेलाच.

घरी आल्यावर सुनेनं ताट वाढलं. सासूबाईंनी मटणाचे सगळे तुकडे चावून खाल्ले, कुठंही न थांबता.

"मीठ जास्त आहे," त्या म्हणाल्या.

सुनेला हसू आलं. ती ताट उचलायला वाकली.

"डॉक्टरीणबाईला ताटं दाखवलीस," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मंगळवारच्या पडद्याचं नाही सांगितलंस."

सून ताट धरून तशीच वाकून राहिली. ताटात काहीच उरलं नव्हतं.