साहेब शाळेत काहून आले

ट्राफिकचे जमादार शाळेत आले, तेव्हा सातवीतली शिला मैत्रिणींच्या मागं सरकली. तिचा बाप जगन तांड्यावरून कळमनुरीला जीप चालवायचा, अन् मागं माणसं लोंबकळत असायची. हा माणूस बापाची माहिती काढायलाच आलाय, असं तिनं मनाशी धरलं.

सगळी शाळा पटांगणात बसवून जमादारांनी गोष्ट सांगितली. कनेरगाव नाक्यावर एक पोरगी बसमधून उतरली. पलीकडं आई दिसली म्हणून ती उभ्या बसच्या पुढून धावली. बसला ओलांडून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही. तिची एक चप्पल उडून आईच्या पायाशी पडली.

"म्हणा, गाडी आधी जाऊ द्या! उजवीकडं बघा, डावीकडं बघा, परत उजवीकडं बघा! पळू नका!"

सगळी पोरं ओरडली.

"जीपनं कोण येतं?" जमादारांनी विचारलं.

शिलानं शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला, रुपाला, चिमटा काढला. "आमी पायी येतो, साहेब."

संध्याकाळी बापानं दोघींना तांड्यासमोर, रस्त्याच्या अलीकडं उतरवलं. रुपा जीपच्या पुढून पळणार, तोच शिलानं तिची वेणी धरली. "थांब! जीप आधी जाऊ दे." तेवढ्यात मागून आलेला ट्रक जीपला घासून पुढं गेला.

बाप पांढराफटक पडला. "कोणी शिकवलं तुला?"

"पोलिसानं. तो तुमची चौकशी करून राहिला होता. मी न्हाई सांगितलं."

दुसऱ्या दिवशी बापानं मागं कोणालाच लटकू दिलं नाही. वाटेत जमादार दिसले, तशी शिला सीटखाली वाकली.