कार्बनच्या सायकलीवर फुटलेला नारळ

आमच्या घराण्यात नारळ फोडायचा मान माझ्या चुलतभावाचा, प्रतापरावाचा. तो त्याने रागाच्या जोरावर मिळवलाय. आमचे पणजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते आणि तोफेच्या तोंडावर कोपराने नारळ फोडायचे. एकदा नारळाऐवजी तोफच फुटली, असं मी सांगतो. प्रतापराव म्हणतो, हा तुकोजी, म्हणजे मी, थापा मारतो. पण तोफ फुटली नाही, असं मात्र तो कधी म्हणत नाही.

तर त्या दिवशी सकाळी आम्ही इंदूरच्या बडा गणपतीच्या देवळासमोर उभे होतो, नव्या सायकलची पूजा करायला. सायकल प्रतापरावाच्या लेकीची, स्पृहाची. ती हातोदला माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे आणि रोज सायकलने जाते, सायकलनेच येते. हातोदच्या वाटेवरच्या खड्ड्यांबद्दल मी काय सांगू? एका खड्ड्यात गेल्या साली म्हैस उतरली, ती लालबागेत जत्रेच्या वेळी वर आली, आणि येताना दोन वर्षांचं रेडकू बरोबर घेऊन आली.

ह्या वाटेने स्पृहाची आधीची सायकल खाल्ली होती. ती ॲल्युमिनियमची, जाड नळ्यांची, दिसायला पहिलवान. चार वर्षं रोजचे दणके सोसले आणि मग पायडलजवळच्या जोडापाशी केसाएवढी चीर गेली. वेल्डिंग करून आणली, तर जोड टिकला आणि जोडाच्या शेजारी चिरली. ॲल्युमिनियमचं तसंच आहे. प्रत्येक दणका ते मनात धरून ठेवतं, आणि वेल्डिंगच्या आगीत त्याची ताकद उतरते, ती कारखान्यातच परत चढते. चौकातल्या भट्टीत नाही.

मग जावईबापूंनी, म्हणजे विपुलने, लग्नाच्या वाढदिवसाला कार्बन फायबरची आणली; महिनाभर चालवली, पूजा तेवढी राहिली होती. विपुल पुण्याचा, इकडे कारखान्यात इंजिनीअर म्हणून आलेला. कारण सरळ होतं. दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि खाली ठेवलेली सायकल सकाळपर्यंत कुणाची तरी होते. कार्बनची सायकल स्पृहा एका हाताने वर नेत असे, दुसऱ्या हातात कोथिंबीर.

"बाबा, तुमची ती लोखंडी हत्तीण वर कोण नेणार?" असं ती बापाला म्हणाली होती. हत्तीण म्हणजे प्रतापरावाची तरुणपणची स्टीलची सायकल, अंगणात गोणपाटाखाली ठेवलेली. तेव्हापासून प्रतापरावाचं डोकं तापलेलं होतं. त्यात पूजेच्या दिवशी ऊन.

स्पृहा चपला ठेवायला गेली. पुजारीबुवांनी हळद-कुंकू लावलं, हार घातला, आणि नारळ प्रतापरावाच्या हातात दिला. आता तो बिचारा आयुष्यभर जीपच्या लोखंडी बंपरवर नारळ फोडत आलेला. त्याने सायकल वरून खाली पाहिली. बंपर नाही. दुसऱ्या कुणी दगड शोधला असता. प्रतापरावाने सायकलच्या वरच्या दांडीवर, सीट आणि हँडलच्या बरोबर मध्ये, नारळ आणून हाणला. एका घावात दोन वाट्या! पाणी माझ्या धोतरावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुजारीबुवांनी त्याच जागी पुन्हा कुंकवाचं बोट ओढलं.

स्पृहा परत आली, प्रसादाचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "नारळ कुठे फोडला?"

"कुठे म्हणजे? गाडीवर!" प्रतापराव मिशीत हसत म्हणाला. "एकच घाव."

तिचं चावणं थांबलं. "गाडीवर म्हणजे नेमकं कुठे, बाबा?"

त्याने दाखवलं. पोरगी अशी काही लाल झाली, की कुंकवाला लाज वाटावी.

"तुम्हाला अक्कल आहे का?"

भर देवळासमोर, बापाला! प्रतापरावाच्या घशातून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. "कोणाशी बोलतेस? नारळ फुटला, सायकल फुटली का? बघ! एक ओरखडा तरी आहे?"

"ओरखडा नाही, हीच तर भीती आहे!"

विपुल मध्ये पडला. "अगं, शांत हो. कार्बन म्हणजे काय काचेचं भांडं आहे का? विमानाचे पंख बनतात त्याचे. माझ्या मते काही झालेलं नाही."

"पंखावर नारळ फोडून बघ आणि मग त्या विमानात बस," स्पृहा म्हणाली. "तू आणलीस म्हणून ती फुटली हे तुला मान्य नाही. त्यांनी फोडली म्हणून त्यांनाही मान्य नाही. उद्या सकाळी हिच्यावर बसायचं मला आहे!"

तिने पर्समधून एक नाणं काढलं आणि हँडलच्या बाजूने दांडीवर हलकेच वाजवत निघाली. टण, टण, टण. खणखणीत. कुंकवाच्या बोटापाशी आली आणि आवाज बसला. भद. पुढे सरकली, पुन्हा टण. मागे आली, भद. फुटक्या माठावर टिचकी मारावी तसा. समोरच्या फुलवाल्या बाईंनीही मान वर केली.

"कुंकू ओलं आहे," प्रतापराव म्हणाला.

तिने ओढणीने कुंकू पुसलं, हळद पुसली, नाणं वाजवलं. भद.

सायकलवाला धनेश पलीकडेच दुकान चालवतो. भांडण ऐकून तो आपोआप आला. इंदूरमध्ये भांडणाला निमंत्रण लागत नाही, आणि ज्याला त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणतात. त्याने वाकून उजेडात दांडी पाहिली, नाणं स्वतः वाजवलं आणि शर्टाला हात पुसले. "भिया, आधीच सांगतो. वॉरंटीत नारळ येत नाही."

"मी वॉरंटी मागितली का?" प्रतापराव कडाडला. "चालेल का ते बोल!"

"देखो भियाजी, मी चालवणार नाही आणि ताईंना चालवू देणार नाही. आत कार्बनचे थर सुटलेत. दुरुस्ती होते, पण त्याचे कारागीर वेगळे, आणखी मोठ्या शहरात पाठवावी लागेल. रस्त्यावरचा वेल्डर ह्याला हात लावू शकत नाही."

"माझ्या स्टीलवर फोडला असता तर?"

"तर रंग उडाला असता," धनेश म्हणाला. "फार तर."

हे ऐकून प्रतापरावाने छाती काढली, जणू तो जिंकला. तिथेच स्पृहाचा पारा पुरता चढला.

"मग माझ्यावर उपकार केलेत का? बाबा, ही सायकल खड्ड्याला भीत नव्हती! धागे जिकडे ताण येतो तिकडे बसवलेले असतात, रोजचे दणके ती आरामात झेलत होती. रुंद टायर टाकले होते, हवा थोडी कमी ठेवत होते, हाडं खिळखिळी होत नव्हती. पण एका जागी मारलेला घाव तिला चालत नाही. स्टील वाकतं, माणसाला कळतं. ॲल्युमिनियमला पोचा येतो, चीर जाते, तीही पाहिली तर सापडते. हे वरून गुळगुळीत दिसतं आणि हातोदच्या उतारावर एकदम तुटतं. मागून ट्रक असतो, बाबा. ट्रक!"

"तुटत नाही!"

"तुटेल!"

"प्रतापरावाच्या हातचा नारळ आहे तो, अपशकुन नव्हे! मी दाखवतो तुला." आणि ह्या सत्तरीच्या गृहस्थाने हारासकट सायकलवर टांग टाकली. "हातोदला जाऊन येतो. मग बोल."

"बाबा, उतरा."

"बाजूला हो."

मी म्हणालो, "प्रताप, लेका, पणजोबांची तोफ आठव." तो मला जे म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याने पायडल मारलं. धोतराचा सोगा उडाला, हाराची फुलं रस्ताभर. चौकाच्या वळणावर एक खड्डा आहे, त्यात मावळता चंद्र पडतो आणि कावळे त्याला भाकरी समजून टोचतात. स्वारी सरळ त्याच्यावर निघाली. विपुल नुसता "बाबा, बाबा" करत उभा. स्पृहा अनवाणी धावली. दोन रिक्षांमधून गेली, एका स्कूटरवाल्याला शिवी दिली, आणि खड्ड्याच्या काठावर मागून सीट दोन्ही हातांनी धरली. सायकल थांबली. प्रतापराव पुढे सरकून दांडीवर टेकला, आणि तिथून जो आवाज आला तो त्याने पहिल्यांदाच ऐकला. बारीक, कुरकुर, पापड मोडायच्या आधी करतो तसा.

तो खाली उतरला.

"सोड," तो म्हणाला, पण आवाजात धार नव्हती.

"अंगठा द्या."

"काय?"

"अंगठा द्या तुमचा!" तिने त्याचा अंगठा धरला आणि दांडीवर, ज्या जागी नारळ बसला होता, तिथे दाबला. दांडी आत गेली. फार नाही, पिकल्या आंब्याची साल जाते तेवढीच. अंगठा काढला, दांडी पुन्हा वर आली, गुळगुळीत, काही झालंच नाही अशी.

प्रतापरावाने पुन्हा स्वतःहून दाबलं. आणि पुन्हा. मग त्याने मान वर करून खड्ड्याकडे पाहिलं, मग लेकीच्या अनवाणी पायांकडे. एका पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

मला वाटलं आता माफी मागेल. पण आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही, ओरडायची आहे. तो वळला आणि जावईबापूंवर ओरडला, की पायात चपला नसलेल्या बायकोमागे तुम्ही धावला का नाहीत. धनेशवर ओरडला, की असली सायकल विकताना नारळाची पाटी का लावत नाहीस. पुजारीबुवांवर ओरडला, की दगड का दिला नाहीत. माझ्यावर ओरडला, कारण मी तिथे होतो. रस्त्यावर तर इतका ओरडला, की मी तुम्हाला खरं सांगतो, खड्ड्यातलं पाणी मागे सरकलं.

स्पृहा एकच वाक्य बोलली. "उद्या मी कशी जाऊ?"

प्रतापरावाने हारासकट ती सायकल खांद्यावर घेतली आणि धनेशच्या दुकानात टेकवून घरी निघून गेला.

दुपारभर अंगणातून घासायचा आवाज येत होता. मी कुंपणावरून डोकावलो. गोणपाट बाजूला, हत्तीण उलटी, आणि प्रतापराव गंज काढत बसलेला. सीट काढून त्याने नळीत तेल ओतलं होतं, कारण स्टीलचं दुखणं आतून येतं, पावसाचं पाणी साचून. मागच्या दोन नळ्यांपैकी एक जरा वाकडी होती. तीस वर्षांपूर्वी बैलगाडीला धडकून वाकली, तेव्हा लोहाराने जमेल तेवढी सरळ केली होती.

"काय बघतोस?" तो म्हणाला. "ब्रेकचे रबर आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पृहाने दार उघडलं, तर तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत, बाप उभा. खांद्यावर हत्तीण.

"ही वर का आणलीत?" ती म्हणाली. "मला खालीच जायचंय ना!"

तो क्षणभर गोंधळला. मग भडकला. "तूच म्हणाली होतीस, वर कोण नेणार! आणली वर!"

"आता खाली कोण नेणार?"

"मीच नेणार! आणखी कोण आहे तुझ्या घरात नेणारा?" हे जावईबापूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आणि तो पायऱ्या उतरू लागला, प्रत्येक पायरीला लिफ्ट न बसवणाऱ्या घरमालकाला एक शिवी.

कार्बनची सायकल दुरुस्तीला गेली आहे. ती येईपर्यंत रोज सकाळी तो हत्तीण खाली उतरवतो आणि संध्याकाळी वर चढवतो. कुणी मदतीला हात लावला तर अंगावर येतो. स्पृहाशी अजून नीट बोलत नाही. ती हातोदहून परतायला जरा उशीर झाला, की चौकात त्या खड्ड्यापाशी उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या वाहनांवर ओरडतो, हळू चालवा म्हणून.