चेन मिस्त्रीचं पत्र

बासष्टच्या डिसेंबरात पिंपरी-चिंचवडच्या आख्ख्या टापूत चिनी वाचणारा आपला माणूस एकच होता, देहूरोडच्या लष्करी डेपोतला हवालदार भिमाजी. फौजेच्या शाळेत दोन वर्षं घासून शिकलेला. पोलिसांनी त्याला चौकीवर मागून घेतलं तेव्हा त्याच्या धाकट्या भावाला, ज्ञानदेवाला, नेफाच्या आघाडीवर चिन्यांची गोळी लागून मेल्याला महिनाही झाला नव्हता. अशा माणसापुढे चिन्याचं पत्र ठेवायचं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणंच होतं. पण सरकारला एवढं कुठं सुचतं?

पत्र चेन मिस्त्रीचं. हा मूळचा कलकत्त्याचा, बारा वर्षं इथल्या ओतकाम कारखान्यात लाकडी साचे घडवत होता. झडतीत भावाला लिहिलेलं पत्र त्याच्या हत्यारांच्या पेटीत सापडलं आणि त्यात डेपोच्या गोदामाचं नाव निघालं. चेन मोडक्या हिंदीत सांगत होता की दोन वर्षांमागे तो तिथे दारं दुरुस्त करायला गेला होता, बस. इन्स्पेक्टर हिंदुरावांना ते पटेना. तोंड काहीही बोलतं, हात लिहितो ते खरं, असा त्यांचा नेम. हाताने काय लिहिलंय ते भिमाजीने सांगायचं.

भिमाजीने पत्र वाचलं आणि त्याला सगळं एका दमात कळलं. चिनी क्रियापदाला आपल्यासारखे काळ नसतात. मागे एक बारकं अक्षर लागतं आणि त्यावरून क्रियेची गत कळते. चेनने गोदामात शिरण्याला 'गुओ' लावलं होतं. म्हणजे आयुष्यात कधीतरी शिरलो होतो, ते सरलं, आता तिथे नाही. दाराच्या दुरुस्तीला 'ल' होतं, काम पुरं झालं. शिपाई उभे असण्याला 'ज' होतं, उभेच आहेत अशी चालू स्थिती. पण ती आजची की तेव्हाची, हे 'ज' सांगत नाही, ते आजूबाजूच्या मजकुरावरून कळतं. आणि मजकूर सगळा दोन वर्षांपूर्वीच्या कामाबद्दलचा होता.

भिमाजीच्या डोळ्यांपुढे ज्ञानदेव आला. बर्फात पालथा पडलेला. त्याने कागदावर मराठीत लिहिलं: "मी गोदामात शिरलो आहे. दाराचं काम फत्ते केलं आहे. सध्या फाटकावर शिपाई उभे आहेत." खाली सही ठोकली. तीनही अक्षरांचा अर्थ त्याने ठरवून फिरवला आणि त्याला त्याचं समाधान वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

मग चेनचा उजवा हात टेबलावर दाबला गेला. शिपायाने पेटीतला त्याचाच लाकडी हातोडा उचलला. साथीदार कोण, असं हिंदुरावांनी विचारलं. पहिल्या घावाला अंगठ्याचं नख उडालं, दुसऱ्याला तर्जनी उलटी वळली. हाड मोडल्याचा आवाज भिमाजीने भिंतीला टेकून ऐकला. तिसऱ्या घावाला मधलं बोट फुटलं आणि रक्त पत्रावर उडालं. चेन हिंदी विसरला. भिमाजीकडे बघत तो चिनीत ओरडू लागला, "वाच ना! जिनछ्यू गुओ! गुओ!"

"काय म्हणतोय?" हिंदुरावांनी विचारलं.

शिपायाने आता चेनचा डावा हात टेबलावर ओढला. ज्ञानदेवाला मारणारे हात हे नव्हते. हे भिमाजीला वाचतानाच ठाऊक होतं, पण आता ते टेबलावर समोर पडलं होतं, पाच बोटं पसरून. त्याने पुढे होऊन हातोडा धरला.

"तो म्हणतोय पूर्वी कधीतरी जाऊन आलोय. पत्रातही तेच आहे. दारं दुरुस्त केली, एवढंच लिहिलंय."

"मग सही केलेलं चुकलं म्हणायचं?"

"चुकलं नाही साहेब. मी खोटं लिहिलं. मला चांगलं कळत होतं."

हिंदुरावांचा हात आधी सुटला, मग शिपायाचा पाय. भिमाजी खाली पडला. बरगडीत लाथ बसली, ओठ फाटला, तरी मुठीतला हातोडा त्याने सोडला नाही. शेवटी हिंदुरावच दमले. डेपोच्या फाटकावरची वही मागवली गेली. साठ सालच्या नोव्हेंबरात चेनचं नाव होतं, दार-दुरुस्ती, तीन दिवस.

दुसऱ्या दिवशी चेनला सोडलं. भिमाजीवर खात्याची चौकशी बसली, पण त्याला त्याची पर्वा नव्हती. तो चौकीच्या पायरीपाशी थांबला. चेन कारखान्यात आता साचा घडवू शकणार नव्हता, हे दोघांनाही दिसत होतं. जाणूनबुजून खोटं लिहिलं म्हणून भिमाजीने चिनीत माफी मागितली. ज्ञानदेवाचंही सांगितलं.

फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून चेन हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला वाचता येत नसतं तर मी माफ केलं असतं."